अण्णांच्या फोनमागचे खाते

चिपळूणला आमच्या दूधवाल्याने गेल्या वर्षी सायकलच्या हँडलला क्यूआर कोडचे पान लटकवले आणि सुटे पैसे ठेवणे बंद केले. मग भाजीवालीने तेच केले, औषधाच्या दुकानात तर ते आधीपासून होतेच. माझे वडील अण्णा 78 वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या खिशात पंधरा वर्षे जुना बटणांचा फोन. दिवाळीला मी स्मार्टफोन घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "अगं, ते पैसे देण्याचं तेवढं टाकून दे. दूधवाल्यापुढे रोज हात हलवत उभं राहावं लागतं."

दहा मिनिटांचे काम, असे समजून मी बसले. त्यांच्याकडे पेन्शनच्या खात्याचे डेबिट कार्ड होते आणि त्या खात्याला त्यांचा जुना नंबर जोडलेला होता. जुने सिम काढून नव्या फोनमध्ये घातले की झाले. सिम काढले आणि नव्या फोनची खाच उघडायला पिन शोधत होते, तेवढ्यात त्यांचे पासबुक उघडून पाहिले. महिन्याला 28 हजार पेन्शन, खर्च निम्म्याहून कमी, शिवाय एक मुदत ठेव पूर्ण होऊन तिचे पैसे त्याच खात्यात येऊन पडलेले. शिल्लक सहा लाखांच्या वर होती. यूपीआयने एका व्यक्तीला दुसऱ्या व्यक्तीकडे साधारणपणे दिवसाला 1 लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात. म्हणजे दूधवाल्याच्या 62 रुपयांसाठी मी सहा लाखांच्या दाराला चार आकडी कुलूप लावून त्याची किल्ली अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवणार होते. मी सिम परत जुन्या फोनमध्ये बसवले.

आईवडिलांना असे ॲप सुरू करून देताना आपण सगळा भर शिकवण्यावर देतो. अनोळखी माणसाशी बोलू नका, पिन सांगू नका, लिंक दाबू नका. हे सांगायलाच हवे. पण फसवणारे लोक दिवसाचे दहा तास हेच काम करतात आणि अण्णांना चूक करायला एकच क्षण पुरतो. त्यामुळे ती चूक होणारच असे धरून त्या वेळी खात्यात किती पैसे असावेत, हे आधी ठरवलेले बरे. फोनमागे कोणते खाते आहे, यावर बाकीचे सगळे अवलंबून आहे.

यूपीआय ॲपला तुमचे खाते कसे सापडते, ते इथे समजून घ्यावे लागते. नोंदणी करताना ॲप त्या फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस आपोआप पाठवते. त्यावरून त्याला कळते की हा नंबर खरोखर याच फोनमध्ये आहे. मग तुम्ही बँकेचे नाव निवडता आणि ॲप त्या बँकेला विचारते, "या नंबराला जोडलेली खाती कोणती?" बँक जी सांगेल ती पडद्यावर येतात. त्यानंतर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि त्याच नंबरावर आलेला ओटीपी टाकून यूपीआय पिन ठरवता येतो. कार्ड नसेल तर अनेक बँकांत आधारच्या ओटीपीवरही हे काम होते. सगळी साखळी सिमपासून सुरू होते. ज्या फोनात ते सिम नाही, त्या फोनातल्या ॲपला ते खाते दिसतच नाही.

यातून एक साधी व्यवस्था निघते, आणि ती मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला सांगत असते. पेन्शनच्या खात्याला जोडलेला जुना नंबर जुन्या, बटणांच्या फोनातच राहू द्यायचा. त्या खात्याचे सगळे ओटीपी आणि संदेश तिथेच येतील. त्या फोनावर ॲप चढत नाही, व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल उघडत नाही, त्याचा पडदा दूर बसलेल्या कुणाला दाखवता येत नाही. स्मार्टफोनसाठी वेगळे सिम घ्यायचे आणि त्या नव्या नंबरावर एक वेगळे, लहानसे बचत खाते उघडायचे. ॲपमध्ये फक्त तेच खाते.

हे लहान खाते दुसऱ्या बँकेत उघडणे महत्त्वाचे. त्याच बँकेत उघडले तर बँक दोन्ही खाती एकाच ग्राहक क्रमांकाखाली ठेवते आणि त्या क्रमांकाला मोबाइल नंबर बहुधा एकच असतो. मग ॲपमध्ये दोन्ही खाती शेजारीशेजारी येऊन बसतात आणि केलेली सगळी खटपट वाया जाते. आम्ही बाजारपेठेतल्या दुसऱ्या एका बँकेत गेलो. किमान शिल्लक ठेवावी लागणार नाही असे खाते मागितले आणि महिन्यात किती व्यवहार मोफत, हेही विचारून घेतले, कारण अशा काही खात्यांत पैसे काढण्याच्या संख्येवर मर्यादा असते. खाते उघडताना नेट बँकिंग नको असे स्पष्ट सांगितले. अर्जावर ईमेलच्या रकान्यात मात्र माझा पत्ता लिहिला. बरेचसे संदेश ईमेलवरही येतात, तेव्हा खात्यातून पैसे गेले की पुण्यात मला कळते आणि पैशाला हात लावण्याचा अधिकार मात्र माझ्याकडे येत नाही.

अनेक घरांत याच्या उलट करतात. मुलगा आईच्या खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर लावून टाकतो, म्हणजे ओटीपीची कटकट नको. तसे केले की आईच्या फोनवर तिचेच खाते सापडत नाही, बँकेचा प्रत्येक संदेश मुलाकडे जातो आणि आई आपल्याच पैशाबद्दल विचारणारी होऊन बसते. शिवाय मुलाचा फोन हरवला तर दोघांचीही खाती उघडी पडतात. नंबर ज्याचे खाते त्याचाच असावा.

आता रक्कम. अण्णा आणि मी वहीवर हिशेब मांडला. दूध रोज एक लिटर, 62 रुपये, महिन्याचे 1,860. औषधे 2,400. भाजी-फळे 1,400. वीजबिल सरासरी 700. गॅस 900. बेरीज 7,260. पेन्शनच्या बँकेत जाऊन स्टँडिंग इन्स्ट्रक्शनचा अर्ज भरला: दर महिन्याच्या 5 तारखेला 8,000 रुपये नव्या खात्यात जमा करावेत. त्यांच्या ॲपची खरी मर्यादा ही. ॲपमध्ये किंवा बँकेत दिवसाची मर्यादा कमी करून घ्यायची सोय असेल तर ती जरूर करावी, पण सेटिंगमधली मर्यादा फोन हातात असलेला माणूस पुन्हा वाढवू शकतो. फसवणारा फोनवरून, "काका, आता तिथे दाबा," असे सांगत तीच वाढवून घेतो. खात्यात नसलेले पैसे मात्र कुणालाही काढता येत नाहीत.

पहिल्याच महिन्यात आमचा अंदाज चुकला. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी एक औषध बदलले आणि दुकानात अण्णांचा व्यवहार पुरेशी शिल्लक नसल्याने अडला. चार माणसांसमोर पैसे नाहीत म्हणून यंत्राने सांगणे त्यांना फार लागले. संध्याकाळी फोनवर ते एवढेच म्हणाले, "तुझ्या त्या ॲपाने आज माझी पत काढली." मग रक्कम 10,000 केली. उलटी अडचण सहा महिन्यांनी दिसते. न खर्चलेले पैसे साचत जातात आणि लहान खाते हळूहळू मोठे होते. म्हणून शिल्लक 15,000च्या वर गेली की एक महिना स्टँडिंग इन्स्ट्रक्शन थांबवायची किंवा बँकेत जाऊन जादा रक्कम परत पेन्शनच्या खात्यात भरायची, असे आम्ही ठरवले आहे. 15,000 हा आकडा अण्णांनीच सांगितला. मी विचारले होते, "एका दिवसात किती गेले तर तुम्हाला झोप लागेल?"

खरी नोंदणी अर्ध्या तासात झाली. फोन आधी स्वतःच्या कुलपाने बंद होतो ना ते पाहिले आणि फोनचा पिन व यूपीआय पिन वेगळे ठेवले. ॲप प्ले स्टोअरमधूनच घेतले. नव्या सिमवर एसएमएस जाईल एवढा रिचार्ज आहे याची खात्री केली, कारण तो एसएमएस गेला नाही की नोंदणी तिथेच गिरक्या घेत राहते आणि कारण काही कळत नाही. पिन ठरवायची वेळ आली तेव्हा मी उठून खिडकीपाशी गेले. अण्णांना हे विचित्र वाटले. "तुझ्यापासून काय लपवायचं?" पण मुलीला सांगितलेला पिन उद्या, "मी बँकेतून बोलतोय," म्हणणाऱ्या सभ्य आवाजालाही सांगितला जातो, कुणालाच न सांगायची सवय घरातूनच लागते. एवढेच सांगितले की जन्मवर्ष नको, घरक्रमांक नको.

नव्या फोनवर नोंदणी झाली की पहिले 24 तास साधारणपणे 5,000 रुपयांच्या आतच व्यवहार होतात. हा बंधनाचा काळ मुद्दाम ठेवलेला असतो, कुणी चोरून नवी नोंदणी केली तर पहिल्याच तासात खाते रिकामे होऊ नये म्हणून. तेव्हा फोन बदलायचा असेल तर इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दिवशी बदलू नये. पहिला व्यवहार म्हणून मी त्यांना माझ्याकडे एक रुपया पाठवायला लावले, आणि दुसरा दूधवाल्याकडे केला.

दूधवाल्यापाशी एक गोष्ट लक्षात आली, तिचा मी आधी विचारच केला नव्हता. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव आले ते एका बाईचे. अण्णा थांबले. "हा तर आपला महादू नाही." खाते त्याच्या बायकोच्या नावावर होते. पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारे नाव बँकेच्या नोंदीतले असते. 2025च्या जूनअखेरपासून ॲपनी तेच नाव दाखवावे असा राष्ट्रीय देयक महामंडळाचा, म्हणजे एनपीसीआयचा, नियम आहे. फोनमध्ये आपण काय नाव साठवले आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. हे नाव वाचणे हा पैसे चुकीच्या हाती जाण्याआधीचा शेवटचा अडसर. पण ते नाव ओळखीचे असेल तरच त्याचा उपयोग, आणि गावातल्या निम्म्या दुकानांचे कोड मुलाच्या, सुनेच्या किंवा कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावाने असतात.

म्हणून आम्ही एक वही केली. शाळामास्तरांच्या घरात वह्यांना तोटा नाही. डावीकडे आपण म्हणतो ते नाव, उजवीकडे पडद्यावर येणारे नाव. महादू दूधवाला, समोर त्याच्या बायकोचे नाव. भाजीवाली मावशी, समोर तिच्या मुलाचे. पहिल्या आठवड्यात मी अण्णांबरोबर प्रत्येक दुकानात गेले, एकेक लहान व्यवहार केला आणि वही भरली. अकरा नावे झाली. या अकरा जणांना पैसे द्यायचे तर कुणाला विचारायचे नाही. बारावे नाव आले तर आधी मला किंवा शेजारच्या जोशीकाकांना फोन करायचा, मगच पिन टाकायचा. काकांनाही हे सांगून ठेवले आहे. विश्वासू माणूस पुण्यात एकटी मीच असून चालत नाही. मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला की अण्णा कंटाळून पुढे जातात.

यूपीआय लाइट सुरू करावे का, हाही प्रश्न आला. त्यात पिन न टाकता लहान रकमा देता येतात, एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत, आणि त्यात एकूण 5,000 रुपये ठेवता येतात. थरथरत्या बोटांना पिन नको हे सोयीचे आहे. पण लाइटमधले एकेक व्यवहार पासबुकात उतरत नाहीत, फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद दिसते. अण्णा पासबुक छापून आणून पेन्सिलने प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण करतात. त्यांनी लाइट तिथेच नाकारले. मला ते पटले. ज्याला पासबुक वाचता येते त्याच्या हातून ते काढून घेऊ नये.

मोठ्या, अचानक आलेल्या खर्चाचे मात्र लहान खात्यावर भागत नाही. इस्पितळात आगाऊ रक्कम भरायची आहे, नळाचा माणूस आठ हजारांची मोटर बसवून उभा आहे, अशा वेळेसाठी यूपीआय सर्कल आहे. 2024च्या ऑगस्टमध्ये हे सुरू झाले. यात एक मुख्य माणूस असतो, खाते त्याचे, आणि तो आपल्या माणसाला त्या खात्यातून पैसे देण्याची परवानगी देतो. मुख्य माणूस पाच जणांपर्यंत जोडू शकतो, पण जोडला जाणारा एकाच मुख्य माणसाकडून परवानगी घेऊ शकतो. म्हणजे भाऊबहिणींपैकी कोण, हे आधी आपसात ठरवावे लागते. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस गोड भांडण चालले.

परवानगी दोन प्रकारची असते. पूर्ण परवानगीत तुम्ही महिन्याची रक्कम ठरवून देता. ती जास्तीत जास्त 15,000 असू शकते, आणि एका वेळी 5,000च्या वर देता येत नाही. त्या मर्यादेत जोडलेला माणूस तुम्हाला न विचारता खर्च करतो. आंशिक परवानगीत तो कोड स्कॅन करतो, रक्कम टाकतो, आणि विनंती तुमच्या फोनवर येते. तुम्ही तुमचा पिन टाकलात तरच पैसे जातात. जोडताना मुख्य माणसाने दुसऱ्याच्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा किंवा त्याचा यूपीआय पत्ता टाकायचा, आणि त्याचा नंबर आपल्या फोनच्या संपर्क यादीतून निवडायचा. नंबर हाताने टाइप करू देत नाहीत, कारण एक आकडा चुकला तरी परवानगी भलत्याच्या हाती जाईल. मग समोरच्याला विनंती जाते आणि त्याने ती स्वीकारली की दोघे जोडले जातात. जोडलेल्या माणसाच्या ॲपला स्वतःचे कुलूप असणे सक्तीचे आहे. सगळ्या ॲपमध्ये आणि सगळ्या बँकांत दोन्ही प्रकार मिळतातच असे नाही. भीम ॲपमध्ये हे पाहता येते.

मी आधी पूर्ण परवानगी देऊ केली होती. अण्णांनी हात जोडले. "म्हणजे मी कुठल्या दुकानातून किती जिलबी आणली ते तू पुण्यात बसून वाचणार. आणि तीही तुझ्या पैशाने." सर्कलमधला प्रत्येक खर्च मुख्य माणसाला दिसतो आणि त्याच्याच खात्यातून जातो, हे खरेच आहे. जिला स्वतःचे उत्पन्न नाही अशा आईला ही सोय फार उपयोगी पडेल, बँकेत खाते नसले तरी चालते. पेन्शनवर ताठ मानेने जगणाऱ्या माणसाला ती हातखर्चासारखी वाटते. म्हणून रोजचा खर्च त्यांच्या लहान खात्यातून, आणि सर्कल फक्त आंशिक परवानगीचे, अडीअडचणीसाठी. मोटरीच्या वेळी ते एकदा वापरले. अण्णांनी स्कॅन केले तेव्हा मी लोकलमध्ये होते, विनंती पाहिली तेव्हा तिची मुदत संपून गेली होती. काही मिनिटांतच मंजुरी द्यावी लागते. आता आधी फोन करायचा, मग स्कॅन, असा क्रम आहे. त्याचा आणखी एक फायदा झाला: पैसे कशाला आणि कुणाला, हे बोलणे आपोआप आधी होते.

एवढे करूनही एक भगदाड पडलेच. शिमग्याला माझा आतेभाऊ आला. त्याने पाहिले की मामा दोन फोन घेऊन फिरतात, आणि प्रेमाने जुने सिम नव्या फोनच्या दुसऱ्या खाचेत बसवून दिले. "दोन सिम बसतात की मामा यात!" बटणांचा फोन ड्रॉवरमध्ये गेला. तेव्हापासून पेन्शनच्या खात्याचे ओटीपी स्मार्टफोनवर येत होते. मी मे महिन्यात गेले तेव्हा कळले. आता जुन्या फोनच्या पाठीवर चिकटपट्टीने कागद लावला आहे: "यातले सिम काढू नये." शेजारी रिचार्जची तारीखही लिहिली आहे. त्या नंबरावर सलग 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याच कुणाला दिला जातो. बँकेचा नंबर अनोळखी माणसाच्या हातात जाण्याचा हा सगळ्यात मुकाट मार्ग आहे.

फसवणुकीचे फोन अण्णांना येतात. तुमच्या खात्यात चुकून पैसे आले, परत करा, असे सांगणारा. आज रात्री वीज कापणार म्हणणारा. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल पाठवणारा. पैसे मागण्याची विनंती पाठवून, "स्वीकारा म्हणजे पैसे मिळतील," असे सांगायची जुनी युक्ती व्यक्ती-व्यक्तींमध्ये आता चालत नाही. 1 ऑक्टोबर 2025पासून एनपीसीआयने तशा विनंत्याच बंद केल्या. पण स्कॅन करा म्हणजे पैसे येतील, हे अजून सांगतात. अण्णांना मी एकच वाक्य दिले आहे आणि ते त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर फळ्यावरच्या अक्षरात लिहिले आहे: पैसे घ्यायला पिन लागत नाही. फाइलीतून येणाऱ्या ॲपसाठी फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी जागेवरून ॲप घेण्याची परवानगी बंद ठेवली आहे. आणि महिन्यातून एकदा ॲपमधला ऑटोपे हा भाग उघडून पाहतो. तिथे एकदा पिन देऊन मान्य केलेली वसुली असेल तर पुढच्या वेळी 15,000पर्यंतची रक्कम पिनशिवायच कापली जाते, म्हणून ते पान रिकामे असणे चांगले.

लहान खात्याची ही व्यवस्था एका प्रकारापुढे मात्र लुळी आहे. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचा आव आणून, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, असे म्हणणारे लोक माणसाला स्वतःच्या पायांनी बँकेत पाठवतात आणि ठेव मोडायला लावतात. तिथे ॲपचा संबंधच उरत नाही. कायद्यात डिजिटल अटक असे काही नाही, हे अण्णांना माहीत आहे. तरी आमचा एक करार आहे: ठेव मोडायची तर आदल्या दिवशी जोशीकाकांना सांगायचे, कारण काहीही असो. अशी माणसे तुम्हाला कुणाला सांगू नका असेच बजावतात, म्हणून सांगितले की त्यांचा डाव मोडतो.

व्यवहार अडकतो तेव्हाही गोंधळ होतो. पावसाळ्यात नेटवर्क जाते, अण्णांच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि दुकानदाराच्या पेटीतून आवाज येत नाही. लगेच दुसऱ्यांदा पैसे देऊ नयेत, व्यवहाराची स्थिती पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमाप्रमाणे व्यक्तीला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानाचा व्यवहार अडकला तर पाच दिवसांत परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये द्यायचे. औषधवाल्याला अण्णांनी हे सुनावले, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, तोवर उधारीवर न्या."

वहीच्या शेवटच्या पानावर पैसे गेलेच तर काय करायचे ते लिहिले आहे. सगळ्यात वर 1930, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात, आणि पुढच्या खात्यातून ते बाहेर पडण्याआधी गोठवले गेले तरच हाती लागतात. म्हणून आधी 1930, मग रडारड. त्याखाली बँकेचा नंबर, तो कार्डाच्या मागच्या बाजूवरून उतरवलेला, इंटरनेटवर शोधलेला नाही, कारण तिथे बनावट नंबरही सापडतात. मग तक्रारीसाठी cybercrime.gov.in हे संकेतस्थळ. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवायचा, सगळीकडे तोच विचारतात. फोन चोरीला गेला तर आधी सिम बंद करायचे, मग बँक.

बँकेला लगेच कळवण्याचे कारणही तिथेच लिहिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाला काहीच भुर्दंड नाही. पण पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे त्या दोन दिवसांतले पैसे त्याच्याच माथी बसतात. म्हणून त्या पानाच्या खाली अण्णांना मी माझ्या हाताने लिहून दिले आहे की पैसे गेले तर मी रागावणार नाही. त्यांनी त्यावर माझी सही घेतली, तारखेसकट.